ग्रुपवर तारीख विचारली की सगळे गप्प का होतात?

एकटी_धावते:
आमच्या घरच्या ग्रुपवर २३ जण आहेत. सगळ्यांनी एकदा भेटावं म्हणून तीन आठवड्यांपूर्वी विचारलं, "कोणाला कधी जमेल ते सांगा." १९ जणांनी वाचलं. उत्तरं आली चार, त्यातली दोन "मला कधीही चालेल" अशी. लोकांना नात्याची किंमतच उरलेली नाही. कोणाला यावर उपाय सापडलाय का?

मधली_सून:
नात्याच्या किमतीचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. वाचून गप्प बसणाऱ्यांत मीही असते, आणि आमच्या घरची तारीख गेली सहा वर्षं मीच ठरवते. दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

"कधी जमेल" याचं उत्तर द्यायचं तर माझी ड्युटी, मुलाची परीक्षा, नवऱ्याचा दौरा असं सगळं बघावं लागतं. एवढं करून तारीख लिहिली आणि बाकीचे बोललेच नाहीत तर ती तशीच लटकते. तोवर दुसरीकडून आमंत्रण आलं तर त्यांना काय सांगायचं? म्हणून आधी दुसरा बोलू दे असं प्रत्येकाला वाटतं. यात नातं कुठे आलं?

मी आधी ग्रुपवर काही टाकतच नाही. ज्यांच्याशिवाय भेट होऊच शकत नाही अशा तिघांना फोन करते: सासूबाई, रुग्णालयात ड्युटी असणारे भाऊजी आणि लांब राहणाऱ्या नणंदबाई. "कधी जमेल" असं विचारत नाही, "या चार रविवारांतला कुठला नक्की नाही" असं विचारते. नाही चटकन सांगता येतं. गेल्या वेळी चारांतले दोन असे गळाले. उरलेल्या दोन तारखांचा पोल टाकला आणि तिसरी ओळ लिहिली, "दोन्ही जमत नाहीत". ही ओळ नसेल तर ज्याला जमत नाही तो काहीच दाबत नाही, आणि त्याने पोल पाहिलाच नाही की त्याला जमत नाही हे कळायला मार्ग नसतो.

शिवाय मी माणसं मोजत नाही, घरं मोजते. आमचीही माणसं २३च, पण घरं सात. म्हणजे मला सातच उत्तरं हवी असतात, आणि पाच आली की राहिलेली दोन घरं कुठली ते लगेच दिसतं. मग त्यांना फोन.

निळी_टिक:
ताई, १९ जणांनी वाचलं हे कशावरून? बऱ्याच जणांनी निळ्या टिका बंद केलेल्या असतात. मुळात तो आकडाच खोटा.

मधली_सून:
त्या बंद केल्या तरी ग्रुपला लागू होत नाहीत. संदेश दाबून धरा, माहितीत कोणी वाचलं त्यांची नावं येतात. उलट घोळ होतो तो असा, की वरच्या सूचनेत वाचून फोन खिशात ठेवणारा माणूस "वाचलं" मध्ये दिसतच नाही.

रात्रपाळी:
घरं मोजण्याला माझा ठाम विरोध. आमच्या सासरीही एका घराचं एकच उत्तर असतं, आणि ते देतात आमचे हे. मला न विचारता. दोन वर्षांपूर्वी ह्यांनी ग्रुपवर "आम्ही चौघं येतोय" लिहून टाकलं. आदल्या रात्री माझी रात्रपाळी होती. सकाळी आठला घरी आले, नऊला निघालो, आणि दिवसभर सगळे विचारत होते, हिचा चेहरा असा का? तुमच्या सात उत्तरांत किती बायकांना विचारलं होतं, ते सांगा आधी.

थोरले_काका:
घरातल्या घरात विचारणं ही नवरा-बायकोची गोष्ट. त्याचा तारखेशी काय संबंध? प्रत्येकाला वेगळं विचारत बसलं तर वर्ष जाईल. आमच्या वेळी वडीलधारे तारीख सांगायचे आणि सगळे यायचे.

रात्रपाळी:
यायचे, कारण न येण्याची सोय नव्हती. काका, त्या तारखेला कोणाची रात्रपाळी होती, कोणाचं बाळ आजारी होतं, हे तुमच्यापर्यंत कधी पोचलं तरी का?

थोरले_काका:
आमच्या घरात कोणावर जबरदस्ती झालेली नाही. उगीच आरोप नकोत.

मधली_सून:
काका, थांबा जरा. त्यांचं म्हणणं मला लागलं, कारण ते खरं आहे. सातांपैकी पाच उत्तरं पुरुषांची होती, हे मी आत्ता पोल उघडून पाहिलं. आता बदल असा करीन: घरात ज्याचं वेळापत्रक सगळ्यांत अडचणीचं, उत्तर त्यानेच द्यायचं. रात्रपाळी, तुमच्या घरी ते तुम्ही. तुम्हाला जमलं तर बाकीच्यांना बहुतेक जमतंच.

रात्रपाळी:
हे चालेल. पण ते नाव पोल टाकणाऱ्याने ग्रुपवर स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर उत्तर पुन्हा आमचे हेच देतील.

हिशेबी:
एवढा खटाटोप कशाला? पाच-सहा रविवार टाका, ज्याला जितके जमतात तितके निवडू दे, सगळ्यांत जास्त मतं ती तारीख. सरळ गणित आहे.

एकटी_धावते:
हे मागच्या वर्षी केलंय. दुसऱ्या रविवारला लगेच चार मतं पडली. पुढचा प्रत्येक जण तेवढं बघून तिथेच दाबत गेला आणि १४ मतं झाली. मी जागा ठरवली. आदल्या दिवशी धाकट्या बहिणीचा फोन, "मला तो रविवार पहिल्यापासूनच जमत नव्हता, पण सगळ्यांचं ठरलेलं दिसलं म्हणून बोलले नाही." तिच्या बाळालाच बघायला सगळे येणार होते.

हिशेबी:
ठीक आहे, मतं नावानिशी दिसतात हे मी धरलं नव्हतं. पण बहुमत म्हणजे बहुमत. एका माणसासाठी १४ जणांनी थांबायचं का?

मधली_सून:
ते एक माणूस कोण आहे त्यावर आहे. म्हणून तर आधी फोन. ज्याच्यासाठी भेट आहे त्याला मतदानात उभं करायचंच नाही, त्याच्या तारखांतूनच पोल बनवायचा.

आणखी एक. मुदत लिहाच, पण त्यानंतर काय होईल तेही लिहा. नुसतं "लवकर कळवा" वाचून कोणी हलत नाही. मी लिहिते, "गुरुवारी रात्री ९ला ठरवणार. ज्या घराचं उत्तर नसेल त्यांना ठरेल ती तारीख मान्य असं धरीन."

थोरले_काका:
हे बरं आहे. ही सूनबाई आमच्यासारखीच तारीख सांगते, फक्त आधी विचारून. तेवढा फरक मान्य करतो.

रात्रपाळी:
मला ते "मान्य असं धरीन" अजून खटकतं. सलग पाळ्यांत मी दोन-दोन दिवस फोन बघत नाही.

मधली_सून:
तुम्हाला बुधवारी फोन करीन. एका माणसासाठी नियम मोडायला माझी हरकत नाही, सगळ्यांसाठी मोडला तर मुदतच राहत नाही.

एकटी_धावते:
आठवड्याने लिहितेय. आधी धाकट्या बहिणीला आणि आईला फोन केला. मग दोन तारखा, तिसरी ओळ, आणि आमच्या आठ घरांतून उत्तर देणाऱ्या आठ जणांची नावं. गुरुवारपर्यंत सात उत्तरं आली, आठवं फोनवर मिळालं. सहा घरांची एकच तारीख जुळते. दोन घरांनी तिसरी ओळ दाबलीय, त्यातलं एक मोठ्या दादाचं. त्याला मी आधी फोन केला नव्हता, तो कुठल्याही तारखेला येतोच असं धरून चालले होते. आता ठरलेली तारीख ठेवू की त्याच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरू करू?

हिशेबी:
ठेवा. सहा घरं म्हणजे सहा घरं.

रात्रपाळी:
आधी वहिनीला फोन करा. नाही तिचं आहे की दादाचं, ते कळू दे.