[मंडळ-सभासद] झूम जपानीत आहे, रविवारची सभा चालवायची कशी?

सुनंदा (शुक्रवार, सकाळी)

मंडळी, रविवारची सभा मीच होस्ट करणार हे ठरलंय, आणि नेमका माझा लॅपटॉप दुरुस्तीला गेलाय. सूनबाईने तिचा दिला, पण त्यातलं विंडोज जपानी, झूमही जपानी. "सगळं नेहमीच्याच जागी असतं हो आई," एवढं सांगून ती विमानात बसली, आता उद्या रात्रीपर्यंत फोन बंद.

मला फक्त माईक, कॅमेरा, चॅट आणि हिशेबाचा तक्ता दाखवायचं बटण सापडायला हवंय. काल एकटीच मीटिंग सुरू करून बसले तर डावीकडच्या कोपऱ्यात माईक नव्हताच! हेडफोनचं चित्र होतं. माझ्या आधीच्या लॅपटॉपवर हे कधीच दिसलं नाही. शिवाय थोड्या वेळाने खालची पट्टीच गायब झाली. कुणी नीट सांगेल का? "गूगल करा" सांगू नका.

वसंत (शुक्रवार, सकाळी)

सुनंदाताई, एवढं काय त्यात. Ctrl+D दाबा, माईक बंद-चालू होतो. Ctrl+E म्हणजे कॅमेरा. भाषा कुठलीही असू दे. मी नातवाबरोबर रोज हेच करतो. बटणांकडे बघतच नाही.

मिलिंद (शुक्रवार, दुपारी)

वसंतकाका, ते गूगल मीटचं. झूममध्ये Ctrl+D ने माईक हलणार नाही. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे, अक्षर वाचता येत नसेल तेव्हा कीबोर्डच धरावा.

सुनंदाताई, विंडोजवरच्या झूमला माईकसाठी Alt+A, कॅमेऱ्यासाठी Alt+V, चॅटची खिडकी उघडायला-मिटायला Alt+H. आधी झूमच्या खिडकीवर एकदा क्लिक करा. मागे एक्सेल उघडं असेल आणि तेच पुढे असेल तर कळ एक्सेलला जाते, झूमला नाही. Alt डावीकडचा वापरा.

हेडफोनचं चित्र म्हणजे लॅपटॉप अजून मीटिंगच्या आवाजाला जोडलेलाच नाही. तेव्हा तुम्ही कितीही Alt+A दाबा, म्यूट करायला काही नसतंच. हेडफोनवर क्लिक करा, एक खिडकी येईल, त्यातलं मोठं निळं बटण दाबा. झालं की त्याच जागी माईक येईल. तुमच्या लॅपटॉपवर हे दिसलं नाही कारण तिथे आपोआप जोडायची खूण केलेली असणार. या खिडकीत खाली एक चौकोन असतो, त्यावर टिक केलीत तर पुढच्या वेळी विचारणार नाही.

पट्टी गायब होते ती माउस स्थिर राहिला म्हणून. खिडकीवर माउस हलवला की परत येते. आणि ती कायम ठेवायची तर नुसतं Alt एकदा दाबून सोडा.

प्राजक्ता (शुक्रवार, दुपारी)

मिलिंद, हे सगळं ठीक, पण माईक चालू आहे की बंद हे तिला कळणार कसं? माझं नेहमी हेच होतं. बटणाखाली "म्यूट" लिहिलेलं असतं म्हणजे मी म्यूट आहे की म्यूट व्हायला दाबू?

शिरीष (चिटणीस) (शुक्रवार, दुपारी)

सर्वांना नम्र विनंती, अशा तांत्रिक प्रश्नांसाठी आपली तांत्रिक समिती आहे. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने सल्ला दिला की काय होतं ते आपण मागच्या कोजागिरीला पाहिलंय. सुनंदाताई, तुम्ही समितीला मेल केली असतीत तर उत्तर मिळालंच असतं.

सुनंदा (शुक्रवार, दुपारी)

शिरीष, समितीला बुधवारीच मेल केली आहे. समितीत तूच आहेस.

मिलिंद, हेडफोन दाबून निळं बटण दाबलं, माईक आला! प्राजक्ताचा प्रश्न माझाही.

मिलिंद (शुक्रवार, संध्याकाळी)

प्राजक्ता, गोंधळ खरा आहे आणि तो इंग्रजीत, जपानीत सारखाच होतो. झूममध्ये चित्र सांगतं ती आत्ताची स्थिती, आणि खालची अक्षरं सांगतात ते दाबल्यावर काय होईल. माईकवर लाल तिरकी रेघ म्हणजे आत्ता तुमचा आवाज जात नाही. त्याच वेळी खाली लिहिलेलं असतं की आवाज सुरू करा. म्हणून अक्षरं वाचणाऱ्याची फसगत होते. सुनंदाताईंना अक्षरं वाचताच येणार नाहीत, हा उलट फायदा. रेघ असेल तर बंद, नसेल तर चालू, एवढंच बघायचं. कॅमेऱ्याचंही तेच.

खात्री हवी तर न रेघेच्या माईककडे बघत दोन शब्द बोला. माईकच्या आत हिरवं वर-खाली होतं. रेघ नाही आणि हिरवं हलतही नाही, म्हणजे झूम दुसराच एखादा मायक्रोफोन ऐकतंय. तेव्हा माईकशेजारच्या छोट्या बाणावर क्लिक करा. यादीत उपकरणांची नावं येतात, ती बरीचशी इंग्रजी अक्षरांतच असतात. त्यातलं ज्याच्यापुढे टिक आहे ते बदलून बघा. पण लक्षात ठेवा, म्यूट करायला चित्रावर दाबायचं, बाणावर नाही. घाईत लोक बाणच दाबतात आणि समोर न वाचता येणारी यादी उघडली की घाबरतात.

अपर्णा (शुक्रवार, संध्याकाळी)

कीबोर्डच्या युक्तीबद्दल एक सावधगिरी, माझ्या अनुभवावरून. मी काही दिवस फ्रेंच कीबोर्डचा लॅपटॉप वापरत होते. तिथे आपल्या A च्या जागी Q असतो आणि Q च्या जागी A. बोटांना जागा पाठ, म्हणून न बघता Alt+A दाबायला गेले की प्रत्यक्षात Alt+Q दाबलं जायचं, आणि Alt+Q म्हणजे मीटिंग सोडायची कळ. दर वेळी सोडायची का असं विचारणारी खिडकी समोर. बरं, ती विचारते तरी.

मिलिंद (शुक्रवार, रात्री)

अपर्णा, छान आठवण केलीस. जपानी कीबोर्डवर A, V, H आपल्याच जागी असतात, त्यामुळे सुनंदाताईंना ती भीती नाही.

पण चॅटमध्ये जपानी इनपुट चालू असेल तर अडेल. तुम्ही "namaskar" टाइप कराल आणि अक्षरं जपानी होत जातील. Esc च्या खालची, डाव्या कोपऱ्यातली कळ दाबली की इंग्रजी अक्षरं येतात, पुन्हा दाबली की परत जपानी. अक्षरांखाली रेघ दिसत असेल तर ती अजून पक्की झालेली नाहीत. तेव्हाचं Enter फक्त अक्षरं पक्की करतं, निरोप पाठवत नाही. पाठवायला परत Enter. "मी लिहिलं पण कुणाला गेलंच नाही" असं झालं तर बहुधा हेच कारण.

आणि निरोप कुणाला जातोय ते लिहायच्या पट्टीलगत दिसतं. तिथे कुणाचं नाव इंग्रजीत दिसलं तर तो एकट्यालाच जाणार. नाव नसून नुसते जपानी शब्द असतील तर सगळ्यांना. एकदा साध्या निरोपाने बघून घ्या, मग मतदानाबद्दल लिहा!

वसंत (शुक्रवार, रात्री)

हे एवढं सगळं करण्यापेक्षा झूमची भाषाच बदला ना. इंग्रजी करून टाका, मिटला विषय.

मिलिंद (शनिवार, सकाळी)

करता येतं, आणि वाचता न येताही. मीटिंग चालू नसताना करा, कारण भाषा बदलली की झूम बंद होऊन पुन्हा उघडतं. स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळापाशी झूमचं चिन्ह असतं. दिसलं नाही तर तिथल्या वर जाणाऱ्या बाणात लपलेलं असतं. त्यावर उजवी क्लिक करा. यादीत एकेका ओळीवर माउस न्या. ज्या ओळीशेजारी वेगवेगळ्या लिप्यांची लांब यादी उघडते, ती भाषांची. प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत असतं, म्हणून English हे English असंच दिसेल. ते निवडा आणि जो प्रश्न येईल त्याला होय म्हणा. होय कुठलं हे कळत नसेल तर रंगाने भरलेलं बटण बहुधा तेच असतं.

प्राजक्ता (शनिवार, सकाळी)

पण लॅपटॉप सुनेचा आहे! तिला तिच्या कामाचं झूम सोमवारी इंग्रजीत मिळालं तर? मी तर दुसऱ्याच्या यंत्रातलं काही बदलू नये या मताची.

वसंत (शनिवार, सकाळी)

परत जपानी करता येतंच की. जपानी नाव जपानीत असतं, एवढं तिलाही वाचता येईल.

सुनंदा (शनिवार, दुपारी)

भाषा बदलायची की नाही हे माझं मी बघते. तक्ता दाखवायचं राहिलं, मिलिंद.

मिलिंद (शनिवार, दुपारी)

पट्टीच्या मधोमध हिरवं बटण, चौकोनातून वर जाणारा बाण. ते माउसनेच दाबा. Alt+S आहे, पण पट्टीवर फोकस असल्याशिवाय ते चालत नाही, म्हणून लोक ते दाबून दाबून थकतात.

दाबल्यावर छोट्या-छोट्या चित्रांची खिडकी येते. अख्खी स्क्रीन दाखवण्यापेक्षा एक्सेलचं चित्र निवडा, नाहीतर तुमची मेलही सगळ्यांना दिसेल. चित्र ओळखायला वाचता यावं लागत नाही, तक्ता दिसतोच. मग खाली उजवीकडचं निळं बटण. खाली डावीकडचे चौकोन आवाज आणि व्हिडिओसाठी, तक्त्याला लागत नाहीत, तसेच सोडा.

यानंतर एक गोष्ट होते जिला सगळे घाबरतात. खालची पट्टी स्क्रीनच्या वरच्या कडेला जाते आणि बरीचशी बटणं दडतात. माउस वरती नेला की ती खाली उतरते. तिथलं लाल बटण म्हणजे दाखवणं थांबवा. ते मीटिंग संपवणारं नाही. मीटिंग संपवणारं लाल तुम्ही काही दाखवत नसताना खालच्या पट्टीच्या उजव्या टोकाला असतं, आणि होस्टला त्यावर दोन पर्याय येतात: लाल भरलेलं म्हणजे सगळ्यांसाठी बंद, दुसरं म्हणजे फक्त तुम्ही बाहेर. सभा चालू ठेवून बाहेर पडायचं असेल तर लाल भरलेलं दाबू नका.

आज संध्याकाळी zoom.us/test वर एकटीनेच चाचणी मीटिंगमध्ये जाऊन बघा, कुणालाच त्रास नाही.

शिरीष (चिटणीस) (शनिवार, संध्याकाळी)

ठीक आहे. सभेची लिंक मी पाठवेन, समितीच्या खात्यावरून. सहहोस्ट म्हणून माझंही नाव असेल, म्हणजे कुणी म्यूट करायला विसरलं तर मी करेन. म्यूट काढणं मात्र मला जमत नाही, मी फक्त विनंती पाठवू शकतो, स्वीकारायचं तुम्हीच.

वसंत (शनिवार, संध्याकाळी)

शिरीष, ती विनंती आली की समोर दोन बटणं येतात ना? टॅबलेटवर मी नेहमी चुकीचंच दाबतो. माझा टॅबलेट तर मराठीत आहे. त्यात कुठलं दाबायचं?