माधवी, नऊ रात्री आणि ताकाची बाटली

प्रिय माधवी,

देवीचं चित्र पाठवत नाही, सकाळपासून तुझ्याकडे ढीगभर आली असतील. माझ्या शुभेच्छा अशा: नऊही रात्री तुझ्या चनियाचा घेर फिरता राहो, तीन टाळीत हात चुकू नये, आणि पाचव्या माळेला पोटरीत गोळा येऊ नये! गेल्या वर्षी मैदानाच्या कडेला तुझा चवडा मीच ओढून धरला होता, आणि तू दात आवळून म्हणत होतीस, "सोड गं, हींच लागली!"

त्या दिवशी तू दुपारी खिचडी खाल्लीस, रात्री आठला एक केळं, आणि मीठ तर सोडलेलंच. वर नुसतं पाणी पिऊन तीन तास नाचलीस. काळ्या ब्लाउजच्या पाठीवर पांढरे डाग वाळले होते, ते घामातलं मीठच. म्हणून यंदा माझी भेट: लिटरभर पातळ ताक, अर्धा चमचा सैंधव, भाजलेलं जिरं. घडियाळी पोळात अंबामातेची ओटी भरून थेट मैदानावर येते, आरतीच्या वेळी बाटली घेऊन कडेला उभी असेन.

शुभदा

---

शुभदा, सैंधव उत्तम. त्यात सोडियम नसतं, म्हणून मीही रक्तदाबाला तेच खातो. गोळ्यावर मात्र केळंच.

प्रकाश

---

प्रकाश, सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. उपवासाला चालतं म्हणून रक्तदाबाला चालत नाही, डॉक्टरांना विचार. केळं खावं, पण घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. आणि गोळा मिठापायीच आला असं मी छातीठोक सांगणार नाही. सलग पाच रात्री राबलेला स्नायू दमूनही धरतो, जाणकारांचंही यावर एकमत नाही.

माधवी, साबुदाण्यात जवळजवळ नुसता स्टार्च. निघण्याआधी दोन तास राजगिऱ्याची भाकरी आणि दाण्याची आमटी खा. नाचताना डोकं ठणकलं, मळमळलं किंवा काही सुचेनासं झालं, तर आणखी पाणी ढोसू नकोस, नाच थांबव आणि कुणाला तरी सांग. शुभदा, तूही लक्ष ठेव.

विजयामावशी

---

मैत्रिणींनो, ताकाचं वाचलं. माझ्या घटाचं कुणी सांगेल का? इथे टोरोंटोत घर गार, दुसऱ्या माळेपर्यंत गव्हाला कोंबच नाही.

सुलभा

---

सुलभाताई, गहू रात्रभर भिजवून पेरले होते का? घट खिडकीपासून दूर, घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवून बघा.

मावशी, आमटीचं पटलं. शुभदा, मीठ सोडायचं मी यंदाही देवीला बोललेय. सैंधव चालेल का, ते आज सासूबाईंना विचारते. नाहीच म्हणाल्या तर दर दोन गरब्यांनंतर बसेन, हा माझा शब्द. बाटली मात्र थंडगार आण. आणि उद्या माझ्या मागे नको, शेजारी ये, बे टाळीला तुझं कोपर माझ्या बरगडीत बसतं!

माधवी