वॉचमनमामा, पुरवणी आणि तीन चालींत मात

ए-५०२: गुड मॉर्निंग. आज परत तेच. आमच्या पुरवणीत बुद्धिबळाच्या कोड्याशेजारी पेन्सिलीने लिहिलंय. पेपर साडेचारला गेटवर येतो आणि आमच्या दारात साडेसहाला, मधल्या वेळात तो कोण वाचतं हे सगळ्यांना माहितीये. मागच्या मीटिंगलाही बोलले होते, मिनिट्समध्ये आलंच नाही.

बी-१०४: नाइट ड्युटीचा पगार पेपर वाचायला देतो का आपण?? पाचचा राउंड तरी झाला का?

सेक्रेटरी: रजिस्टर पाहिलं. पाचच्या राउंडची सही आहे, मागच्या गेटचं कुलूपही तपासलंय. कृपया ग्रुपवर कोणावर आरोप नकोत.

सी-२०३: पाण्याच्या टाकीचं पण बघा 🙏

ए-३०१ काका: ५०२ ताई, काय लिहिलंय ते जरा टाकता का? मी सकाळपासून त्याच कोड्याला बसलोय.

ए-५०२: "राजा एफ६, मग हत्ती." एवढंच. तुम्हाला कोडं महत्त्वाचं, मला माझा पेपर कोरा हवा.

बी-१०४: हत्ती कुठून आला? पांढऱ्याचा राजा ई७ आणि प्यादं एफ७, काळ्याचा नुसता राजा एच८. सरळ प्यादं एफ८ला वजीर करा, शह बसतो, खेळ खल्लास.

ए-३०१ काका: बसतो ना शह, पण राजा एच७ला येतो. आता पुढची चाल सांगा.

बी-१०४: राजा जवळ आणायचा. एफ७ किंवा एफ६.

ए-३०१ काका: मीही तासभर तिथेच अडकलो. दोन्हीकडे स्टेलमेट होतं. जी६, जी७, जी८, एच६, एच८ सगळी घरं बंद, पण राजाला शह नाही. म्हणजे डाव बरोबरीत. जिंकता येईल पुढे, पण तीन चालींत नाही.

बी-१०४: तरी वजीरच. वजिरापेक्षा मोठं काय आहे?

सी-२०३: टाकी??

ए-३०१ काका: आत्ता खाली जाऊन मामांशी बोलून आलो. जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर चौसष्ट घरं आखलीत, मोहरे म्हणून बाटलीची झाकणं. मामा म्हणाले, आधी राजा एफ६ला आणायचा, शह न देता. एच८च्या राजाला मग एच७ सोडून जागाच नाही, कारण जी८वर प्याद्याचा मारा आणि जी७वर आपला राजा. इथपर्यंत त्यांना पटकन सुचलं. मग त्यांनीही एफ८ला वजीर केला आणि परत स्टेलमेट. पाच वाजले म्हणून झाकणं तशीच ठेवून राउंडला गेले.

ए-४०४: मग?

ए-३०१ काका: मागच्या गेटला कुलूप लावताना डोक्यात आलं म्हणे, की मी सगळीच दारं बंद करतोय, चोर पकडायचा तर एक उघडं ठेवलं पाहिजे. वजीर तिरपा मारतो म्हणून एच६ पण बंद होतं. हत्ती तिरपा मारत नाही. म्हणजे एफ८ला हत्ती केला की काळ्या राजाला एच६ हे एकच दार उरतं, तो तिकडे गेला की हत्ती एच८, शह आणि मात. एच७, एच५ला हत्तीची रांग आणि जीची तिन्ही घरं एफ६च्या राजाकडे. मी घरी पट मांडून दोनदा तपासलं, चूक नाही.

ए-४०४: 👏👏 माझ्या मुलाला शिकवतील का विचारा ना.

बी-१०४: पण वजीर असताना हत्ती कोण घेतं, प्रॅक्टिकली सांगा.

ए-३०१ काका: १८९५ साली ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बार्बिए यांनी एक डाव बरोबरीचा म्हणून छापला होता. सावेद्रा नावाच्या पाद्र्याने दाखवून दिलं की प्याद्याचा हत्ती केला तर पांढरा जिंकतो. तिथेही वजीर केला की स्टेलमेटच. आज त्या डावाला त्याच पाद्र्याचं नाव आहे.

ए-५०२: काका, सगळं मान्य. पण पेपर माझा होता. मीही कोडं सोडवते, रोज नाही पण रविवारी सोडवते, आणि आज उत्तर आधीच दिसलं. याचं मला वाईट वाटलं, पैशाचं नाही.

ए-३०१ काका: हे तुम्ही कधी बोलला नाहीत ताई. मामांना सांगतो. तसंही त्यांना वाटलं तो माझा पेपर आहे, गठ्ठ्यात आपले दोन्ही एकावर एक असतात. उत्तर माझ्यासाठी लिहिलं होतं.

सेक्रेटरी: पुढच्या रविवारपासून पुरवणीवर लिहू नये, एवढी सूचना मामांना देतो. कोणाची हरकत?

बी-१०४: हरकत नाही. पण एफ८ वजीर करून राजा एफ७ऐवजी वजीरच एफ६ला घेतला तर? स्टेलमेट नाही होत.

ए-३०१ काका: नाही होत. काळा राजा जी८ला जातो, आणि तिसऱ्या चालीत मात कशी देणार? आठला मामांची ड्युटी संपते, त्याआधी केबिनमध्ये या, झाकणं मांडलेलीच आहेत.

बी-१०४: येतो पाच मिनिटांत.

सी-२०३: खाली जाताय तर टाकीची मोटर बंद करा कोणीतरी, पाणी वाहतंय.