लर्निंग लायसन्सचं अ‍ॅप आणि चिन्हांचा गोंधळ

>> अ‍ॅपवर सगळं बरोबर येतं, पण दुसऱ्या अ‍ॅपमध्ये तीच चिन्हं आली की गडबड होते. अजून किती सराव करू?

सराव वाढवू नका, पद्धत बदला. त्या अ‍ॅपमध्ये प्रश्न तेच तेच फिरून येतात, मग चित्र नीट न बघताच 'याचं उत्तर तिसरं' असं हात दाबून मोकळा होतो. आधी पर्याय हाताने झाका, चिन्हाचा अर्थ मोठ्याने बोला आणि मगच पर्याय बघा, लगेच कळतं खरं किती येतंय ते.

आणि आतलं चित्र बघायच्या आधी बाहेरचा आकार नि रंग बघायचा. डावीकडे वळणारा बाणच घ्या ना, लाल गोलात तिरकी रेघ मारलेला असेल तर डावीकडे वळायला मनाई, निळ्या गोलात असेल तर डावीकडेच वळायचं, आणि लाल कडेच्या त्रिकोणात असेल तर पुढे डावं वळण आहे एवढीच सूचना. बाण तोच पण तीन अर्थ, आणि अ‍ॅपवाले नेमके हेच तिन्ही अर्थ पर्यायात देतात (मुद्दामच देत असणार).

बाकी घोळ जोड्यांचा. नो पार्किंगला निळ्यावर एकच लाल तिरकी रेघ, फुली असेल तर थांबायलाच मनाई, म्हणजे कुणाला पटकन उतरवायलासुद्धा नाही. लाल गोलात पांढरी आडवी पट्टी म्हणजे नो एंट्री, पण लाल कडेचा नुसता रिकामा पांढरा गोल असेल तर दोन्ही बाजूंनी वाहनांना बंदी. चुकलेल्या जोड्यांचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवून बघा, एकेकटं चिन्ह पाठ करून हा फरक डोक्यात बसत नाही.