भावावरून वाढीचा दर वाचता येतो का?

अनुजा: एका समभागाचा भाव ४०० आहे आणि नुकताच दिलेला वार्षिक लाभांश १२ आहे. परतावा म्हणजे भावाच्या टक्क्यांत लाभांश अधिक त्याची कायमची वाढ, या सूत्राने अपेक्षित परतावा ११ टक्के धरून त्यातून ३ टक्के लाभांश वजा केला, तेव्हा लाभांशाच्या वाढीचा दर ८ टक्के आला. हे बाजाराचे मत मानावे का?

रोखठोक: अवश्य मानावे. विश्लेषकाचा अंदाज हे एका माणसाचे मत असते, तर भावामागे असंख्य लोकांनी प्रत्यक्ष गुंतवलेला पैसा असतो. ८ टक्के वाढ आपल्याला अशक्य वाटत असेल तर समभाग महाग आहे, सहज शक्य वाटत असेल तर स्वस्त. याहून सरळ कसोटी मला तरी ठाऊक नाही.

ताळेबंद: आधी एक लहान दुरुस्ती. १२ हा देऊन झालेला लाभांश आहे. आज भाव मोजणाऱ्याला मिळणार आहे तो पुढचा, म्हणजे वाढीसह आलेला. म्हणून ४०० च्या ११ टक्क्यांतून, म्हणजे ४४ मधून, १२ वजा करून उरलेल्या ३२ ला भाव आणि लाभांश यांच्या बेरजेने, म्हणजे ४१२ ने, भागावे लागते, आणि उत्तर ८ नव्हे तर ७.७७ टक्के येते.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. ११ टक्के हा आकडा बाजाराने दिलेला नसून अनुजा यांनी स्वतः धरलेला आहे. त्याऐवजी १२ धरले तर वाढ ८.७४ टक्के निघते आणि १० धरले तर ६.८०. भाव तोच, लाभांश तोच, तरीही ‘बाजाराचे मत’ जवळजवळ दोन टक्क्यांनी सरकते, कारण समीकरण एक आहे आणि अज्ञाते दोन आहेत. भाव सांगतो तो परतावा आणि वाढ यांतील फरक, जो येथे साधारण सव्वातीन टक्के आहे. त्या फरकाच्या दोन्ही बाजू कोठे ठेवायच्या हे आपणच ठरवतो.

निवृत्त: माझ्याकडील समभागाचा भाव २५० असून त्याने गेल्या वर्षी २५ लाभांश दिला. याच रीतीने ११ टक्के परतावा धरला तर वाढ ०.९ टक्के येते. बाजाराला कंपनीत काही राम दिसत नाही, असे समजून मी तो विकण्याच्या विचारात आहे.

ताळेबंद: त्या २५ मध्ये एकदाच दिलेला विशेष लाभांश आहे का, हे आधी पाहा.

निवृत्त: होय, मालमत्ता विकल्यावर दिलेले १५ त्यात आहेत.

ताळेबंद: मग नेहमीचा लाभांश १० धरा, वाढ ६.७ टक्क्यांवर जाते. जो लाभांश दरवर्षी वाढत जाईल असे मानता येत नाही, तो या सूत्रात घालूच नये. एकाएकी दुप्पट-तिप्पट लाभांश दिसला की प्रथम संशय याचाच घ्यावा.

रोखठोक: परतावा गृहीत धरणे खटकत असेल तर उलट बाजूने जाऊ. अनुजा यांच्या कंपनीचा लाभांश अलीकडे वर्षाला १० टक्क्यांनी वाढत आला आहे असे समजा. पुढचा लाभांश १३.२, म्हणजे भावाच्या ३.३ टक्के, त्यात वाढीचे १० मिळवले की परतावा १३.३ टक्के. आता गृहीतक माझे नाही, कंपनीच्या इतिहासाचे आहे.

ताळेबंद: इतिहास काही वर्षांचा असतो, आणि सूत्रातील वाढ मात्र कायमची. संपूर्ण अर्थव्यवस्थेहून वेगाने सदासर्वकाळ वाढणारी कंपनी अखेर त्या अर्थव्यवस्थेहूनच मोठी होईल. १० टक्के वाढ दहा वर्षांत समान गतीने उतरत ५ टक्क्यांवर स्थिरावते असे धरून पाहा. अशा उतरत्या वाढीसाठी फुलर आणि शिया यांनी १९८४ मध्ये एक सोपे सूत्र दिले. त्यात जादा वाढीचे ५ टक्के उतरणीच्या निम्म्या काळाने, म्हणजे ५ वर्षांनी, गुणले की ०.२५ मिळतात, ते १.०५ मध्ये मिळवून बेरजेला ३ टक्क्यांनी गुणायचे, म्हणजे ३.९ टक्के. त्यात अखेरची वाढ ५ मिळवली की परतावा सुमारे ८.९ टक्के येतो. १३.३ टक्क्यांच्या आशेने घेतलेला समभाग ८.९ चा निघणे, हा फरक पोटात घालण्याजोगा नाही.

रोखठोक: पण ते अखेरचे ५ टक्के कोणी ठरवले? ४ धरले तर हेच सूत्र ८ टक्के सांगते. अनुजा यांच्या ११ वर आक्षेप घेऊन आपणही एक आकडा पदरचाच घातला आहे.

ताळेबंद: घातला आहे, हे मान्य. फरक एवढाच, की दीर्घकाळच्या वाढीला अर्थव्यवस्थेच्या वाढीची वरची मर्यादा तरी आहे. अपेक्षित परताव्याला तशी कोणतीच नाही.

अनुजा: मग मी एका आकड्याऐवजी ४ ते ५ टक्के अखेरची वाढ धरून ८ ते ८.९ हा पट्टा लिहून ठेवते. माझी ११ ची अपेक्षा त्यात बसत नाही.

रोखठोक: उतरण दहाऐवजी वीस वर्षांची धरून पाहा, पट्टाच वर सरकेल.