फंड फ्लोमधला ३०,००० चा फरक

> भाऊ, जिनिंगचं फंड फ्लो जुळत नाही. स्रोत उपयोगापेक्षा ३०,००० नं जास्त येतात. जुनी मशीन दीड लाखाला विकली, त्यात ३०,००० नफा झाला.

तोच नफा दोनदा धरला गेलाय. विक्रीचे पूर्ण १,५०,००० स्रोतात आलेत, म्हणून कामकाजातला समायोजित नफा काढताना हा ३०,००० चा नफा वजा करा. तुमच्याच आकड्यांवरून: निव्वळ नफा २,००,०००, त्यात घसारा ८०,००० मिळवा, ३०,००० वजा करा, उरले २,५०,०००. विक्रीचे १,५०,००० धरून एकूण स्रोत ४,००,०००.

आता खेळत्या भांडवलाचा तक्ता. कापसाचा साठा १,४०,००० नं वाढला, पण अडत्यांची देणीही ६०,००० नं वाढली. देणी वाढली की खेळतं भांडवल घटतं. चिन्ह चुकतं ते बहुधा इथंच. निव्वळ वाढ ८०,०००, नवी मशीन ३,२०,०००. उपयोगही ४,००,०००.