‘रिटेन’ला ‘राखीव’ म्हणता येईल का?

मालतीमावशी (इंदूर, लोकमान्यनगर): नातवाशी वाद झालाय, म्हणून विचारते. आपल्या व्यंकटेश अय्यरला आयपीएलमधल्या कोलकात्याच्या संघाने ऑक्टोबर 2024 मध्ये रिटेन केलं नाही, म्हणजे लिलावाआधी स्वतःकडे ठेवून घेतलं नाही. महिन्याभरात जेद्दाच्या लिलावात त्याच संघाने त्याला 23.75 कोटींना घेतलं. मी म्हटलं, तो त्यांचा ‘राखीव’ खेळाडू नव्हता. नातू हसतच सुटला.

बंड्या: मावशी, राखीव म्हणजे बाकावर बसणारा, बारावा गडी. नातवाचं हसणं बरोबर आहे. ‘राखलेला’ म्हणा. अशा खेळाडूचे पैसे लिलावाबाहेरचे असतात, संघाला खेळाडूंवर खर्चायला ठरवून दिलेल्या रकमेला, म्हणजे पर्सला, धक्का लागत नाही.

वसंतकाका: बंड्या, पहिलं बरोबर, दुसरं चूक. राखलेला खेळाडू बोलीला येत नाही, पण त्याची रक्कम पर्समधूनच वजा होते. त्या वेळी दर संघाला 120 कोटी होते. भारताकडून खेळलेले किंवा परदेशी असे चार राखले, तर 18, 14, 11 आणि पुन्हा 18 असे 61 कोटी कापले जायचे. कोलकात्याने रिंकूला 13 आणि वरुण, नारायण, रसेलला प्रत्येकी 12 दिले, म्हणजे 49. तरी पर्समधून 61च गेले, कारण ठरलेला दर आणि दिलेली रक्कम यांपैकी मोठा आकडा कापायचा, असा नियम होता. मधले 12 कोटी कुणाच्याच खिशात गेले नाहीत. शिवाय तोवर भारताकडून न खेळलेल्या हर्षित आणि रमणदीपचे चार-चार. उरले 51.

मालतीमावशी: म्हणजे घरात पैसे आहेत, पण खर्चायची परवानगी नाही?

वसंतकाका: अगदी तेच. म्हणून पर्सला ‘थैली’ किंवा ‘बटवा’ म्हणणं मला पटत नाही. ती खर्चाची मर्यादा आहे. ‘खर्चमर्यादा’ म्हणावं.

बंड्या: काका, ‘कोलकात्याची खर्चमर्यादा संपली’ असं बोली चालू असताना कोण ओरडेल? पर्सच राहू द्या.

रेखा: मी चोइथराम मंडीत लसणाचा लिलाव बघितलाय. तिथे पैसे शेतकऱ्याला मिळतात. इथे मालक कोण? पोरगा विकला जातो हे ऐकायलाच बरं वाटत नाही.

वसंतकाका: रेखाताई, इथे बोलीची रक्कम खेळाडूलाच मिळते, हंगामाचं मानधन म्हणून. विकला जातो तो त्याचा करार. ‘लिलाव’ शब्द तसाही पोर्तुगिजांकडून आलेला, त्याला आपण अजून एक अर्थ चिकटवला, एवढंच.

निवृत्त वकील: मुद्दा राहिला. आधीच्या संघाला बरोबरीचा हक्क असतो ना? आमच्याकडे त्याला हक्कशुफा म्हणायचे, बाहेरचा जो भाव देईल तोच देऊन हिस्सेदाराने जमीन घ्यायची. कोलकात्याने तो का वापरला नाही?

वसंतकाका: वकीलसाहेब, उपमा मस्त आहे. पण राखलेले आणि हा हक्क मिळून सहाच जागा होत्या. कोलकात्याने सहा राखले, हक्क शून्य. म्हणून व्यंकटेशसाठी त्यांना बेंगळुरूशी शेवटपर्यंत बोली लढवावी लागली. उलट पंजाबने दोघेच राखले, चार हक्क उरले. अर्शदीपवर हैदराबादची 15.75 कोटींची बोली झाली, तेव्हा पंजाबने हक्क सांगितला. मग हैदराबादला भाव वाढवायची एक संधी मिळाली, त्यांनी 18 केले, पंजाबने तेवढे मोजले आणि अर्शदीप परत घेतला. तुमच्या हक्कशुफ्यात ही वाढीव बोली नसते.

बंड्या: मग व्यंकटेशला राखायलाच हवं होतं! पाचव्याचा दर 14 होता.

वसंतकाका: त्यासाठी हर्षित किंवा रमणदीपची जागा सोडावी लागली असती, आणि चारऐवजी 14 कापले जाऊन पर्स 41 वर आली असती. शिवाय खेळाडू 14 ला हो म्हणेलच असं नाही, क्लासेनला हैदराबादने 23 देऊन राखलं. पण 51 मधून 23.75 गेल्यावर हातात 27.25 उरले, आणि संघात किमान अठरा जण लागतात. म्हणजे अजून अकरा तरी तेवढ्यात भागवायचे. ही चूक होती का, यावर मी अजून दोन्ही बाजूंनी भांडू शकतो.

रेखा: आणि रजत पाटीदार?

वसंतकाका: तो राखलेला, 11 कोटींना, बेंगळुरूकडून. एकाच गावचे दोघे, एकावर बोलीच लागली नाही, म्हणून दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी मिळाले. आणि बेंगळुरू 2025 ला जिंकलं ते पाटीदारच्याच कप्तानीत.

मालतीमावशी: मग मी काय म्हणू? ‘राखलेला’ की ‘कायम ठेवलेला’?

बंड्या: भिया, ‘रिटेन’ म्हणा. सराफ्यात सगळ्यांना कळतं.

मालतीमावशी: भिया कुणाला म्हणतोस रे? मी ‘राखलेला’च म्हणणार. नातवाला ‘राखीव’ची हार मात्र सांगायची नाही.